बिलाचा फोटो काढला की ॲप बंद पडतं: रिव्ह्यूत नेमकं काय लिहायचं?

प्रश्न: लक्ष्मीपुरीत आमचं धान्याचं दुकान आहे. हिशेबाच्या एका ॲपमध्ये खर्चाच्या बिलाचा फोटो काढला की ॲप बंद पडतंय, भरलेलं सगळं जातंय. वैतागून एक स्टार दिला आणि लिहिलं, ‘बोगस ॲप, सारखं बंद पडतंय, पैसे वाया.’ उत्तर आलं, ‘तसदीबद्दल क्षमस्व, ईमेल करा.’ पुढं काहीच नाही. असं काय लिहायचं की त्यांना ते दुरुस्त करावंच लागेल? सांगाल काय कोणी?

उत्तर: ‘करावंच लागेल’ असं काही लिहिता येत नाही, हे आधीच सांगतो. मी कोल्हापुरातच सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करतो. प्ले स्टोअरवरचे रिव्ह्यू वाचून त्यातले कुठले प्रोग्रामरच्या हातात द्यायचे हे ठरवणं माझ्या रोजच्या कामात येतं. तुमचा रिव्ह्यू माझ्याकडे आला असता तर मीही तेच ‘ईमेल करा’ लिहिलं असतं. तुमची तक्रार खोटी वाटली म्हणून नव्हे. त्यावरून माझ्या टेबलावरच्या फोनवर ते ॲप बंद पाडून दाखवता आलं नसतं म्हणून. बिघाड डोळ्यांसमोर घडत नाही तोवर प्रोग्रामर फक्त अंदाज करतो, आणि अंदाजाने केलेली दुरुस्ती बरोबर निघाली की नाही हेही त्याला तपासता येत नाही. तुमच्या काउंटरवर जे घडतं ते पुण्या-बेंगळुरूत बसलेल्या माणसाला त्याच्या फोनवर घडवून आणता यावं, एवढं एकच काम रिव्ह्यूने करायचं असतं.

त्यांना काय आधीच दिसतं ते पाहू, म्हणजे त्यावर शब्द वाया जाणार नाहीत. तुम्ही अँड्रॉइड फोनवरून रिव्ह्यू लिहिता तेव्हा ॲपवाल्यांच्या खात्यात त्याच्यासोबत फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, ॲपची आवृत्ती, फोनची रॅम असा तपशील सहसा जातो. बिघाड दुकानातल्या फोनवर होतो आणि रिव्ह्यू तुम्ही घरच्या फोनवरून किंवा कॉम्प्युटरवरून लिहिला, तर हा तपशील चुकीचा जातो किंवा जातच नाही. म्हणून रिव्ह्यू त्याच फोनवरून लिहा. ते जमत नसेल तर मॉडेल मजकुरात लिहा. आयफोनचं तसं नाही. ॲप स्टोअरच्या रिव्ह्यूसोबत मॉडेल कळत नाही, तिथे मॉडेल आणि आयओएसची आवृत्ती आपणच लिहायची.

दुसरी गोष्ट त्यांना दिसते ती क्रॅशचे अहवाल. ॲप कोसळलं की कोडच्या कुठल्या ओळीवर कोसळलं याची नोंद तयार होते. पण ती नोंद तुमच्या रिव्ह्यूला जोडलेली नसते. एकीकडे अहवालांची रास आणि दुसरीकडे रिव्ह्यूंची, आणि यातला कुठला अहवाल लक्ष्मीपुरीतल्या माणसाचा हे कुणालाच माहीत नसतं. शिवाय गूगलकडे जाणारे अहवाल फक्त त्यांच्या फोनवरून जातात, ज्यांनी सेटिंगमध्ये ‘Usage & diagnostics’ चालू ठेवलंय. बऱ्याच ॲपमध्ये अहवाल पाठवण्याची स्वतःची सोयही असते, पण ती साधारणपणे ॲप पुन्हा उघडल्यावर अहवाल पाठवते. ॲप बंद पडल्यावर रागाने तिथल्या तिथे काढून टाकलं, तर न गेलेला अहवालही त्याच्यासोबत जातो. म्हणून बंद पडल्यावर नेट चालू ठेवून एकदा ॲप उघडा, मिनिटभर राहू द्या, मग काय ते ठरवा.

आता तुमच्या बिघाडाकडे येऊ. ‘बंद पडतंय’ या दोन शब्दांत तीन वेगवेगळे आजार मावतात, आणि प्रत्येकाची दुरुस्ती वेगळी. ॲप एकदम नाहीसं होऊन फोनचा मुख्य पडदा दिसला, किंवा ‘keeps stopping’ असा संदेश आला, तर तो खरा क्रॅश. नव्या अँड्रॉइडमध्ये पहिल्या वेळी बऱ्याचदा संदेश येतच नाही, तो परत परत झाल्यावर येतो, म्हणून संदेश आला नाही एवढ्यावरून काही ठरवू नका. ॲप दिसतंय पण बोट लावून काही हलत नाही आणि थोड्या वेळाने ‘isn’t responding’ येतं, तो दुसरा प्रकार. तुम्ही केलेल्या स्पर्शाला ॲपने 5 सेकंदांत दाद दिली नाही की अँड्रॉइड त्याला अडकलेलं धरतं. तिसऱ्या प्रकारात ॲप कोसळतही नाही आणि अडकतही नाही. कॅमेऱ्यातून परत येता तेव्हा ते पहिल्या पानापासून, लोगो दाखवत, नव्याने सुरू होतं आणि मधलं सगळं गेलेलं असतं.

तुम्ही ‘भरलेलं सगळं जातंय’ आणि ‘फोटो काढला की’ हे दोन्ही एका वाक्यात लिहिलंय, त्यामुळे मला दाट संशय तिसऱ्या प्रकाराचा आहे. बरीच ॲप फोटो स्वतः काढत नाहीत, फोनच्या कॅमेरा ॲपला बोलावतात. कॅमेरा समोर आला की तुमचं हिशेबाचं ॲप मागे जातं. कॅमेरा मेमरी भरपूर खातो. फोनची रॅम कमी असेल आणि मागे व्हॉट्सॲप, यूट्यूब, यूपीआयचं ॲप उघडं असेल, तर अँड्रॉइड जागा करण्यासाठी मागची ॲप बंद करतं, आणि त्यात हिशेबाचं ॲपही जातं. अँड्रॉइडच्या नियमाने हे चूक नाही. ॲपने आपली अर्धवट नोंद अशा वेळेसाठी जपून ठेवायची असते आणि परत आल्यावर ती पुन्हा मांडायची असते. ते केलेलं नसलं की रक्कम गेली, पार्टीचं नाव गेलं, फोटोही गेला.

हा बिघाड महिनोन्महिने का टिकतो तेही यातच आहे. प्रोग्रामरच्या हातात भरपूर रॅमचा नवा फोन असतो, त्यावर असं सहसा घडत नाही. आणि फोनने मेमरीसाठी ॲप बंद केलं तर क्रॅशच्या आकड्यात ते येत नाही, त्यामुळे त्यांचा आलेख हिरवागार असतो. कधी कधी परत आल्यावर ॲप ‘फोटो कुठे ठेवला होता’ हे शोधायला जातं, ती माहिती रिकामी निघते आणि तिथे खरा क्रॅश होतो. मग अहवाल मिळतो, पण तो वाचणारा म्हणतो, ‘ही जागा रिकामी असूच शकत नाही.’ ती कशी रिकामी होते हे फक्त तुमच्यासारखा माणूस सांगू शकतो, कारण कॅमेरा आणि परत येणं हे त्याच्या डोळ्यांसमोर घडलेलं असतं.

पण हा माझा संशय झाला. रिव्ह्यूत संशय लिहायचा नसतो. दुपारी गिऱ्हाईक कमी असेल तेव्हा थोडा वेळ काढा आणि खऱ्या नोंदीऐवजी एक रुपयाच्या खोट्या खर्चावर करून पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर फरक कशाने पडला ते कळत नाही.

आधी नेहमीसारखं करा: नवा खर्च, रक्कम, कॅमेरा, फोटो, बरोबरची खूण. कितव्या पायरीला काय दिसलं ते कागदावर लिहा. विशेषतः हे बघा की फोटो काढताना बंद पडतं, बरोबरची खूण दाबल्यावर पडतं, की नोंद जतन करताना. ही तीन ठिकाणं कोडमध्ये एकमेकांपासून लांब असतात. हेच चार-पाच वेळा करा, म्हणजे दर वेळी होतं की कधी कधी, ते कळेल.

मग तोच फोटो कॅमेऱ्याऐवजी गॅलरीतून घेऊन पाहा. गॅलरीतून नीट झालं, तर फोटो जोडण्याचा भाग ठीक आहे आणि घोटाळा कॅमेऱ्यात जाऊन परत येण्यात आहे. गॅलरीतूनही बंद पडलं, तर माझा वरचा संशय लंगडा पडतो. मग एखादा लहान फोटो, जसं व्हॉट्सॲपवर आलेलं चित्र, जोडून पाहा. लहान चालतो आणि कॅमेऱ्याचा मोठा चालत नाही, असं निघालं तर मोठा फोटो उघडताना ॲपला मेमरी पुरत नाही, हा वेगळा आणि खरा क्रॅश आहे.

यानंतर फोन विमान मोडवर टाकून पाहा. नेट नसतानाही तसंच होत असेल, तर सर्व्हरचा संबंध सुटला आणि ‘तुमचं नेटवर्क तपासा’ हे उत्तर आधीच खोडलं गेलं. शेवटी फोन रीस्टार्ट करून, बाकी काही न उघडता, लगेच करून पाहा. त्या वेळी चाललं आणि तासाभराच्या वापरानंतर पुन्हा बिघडलं, तर मेमरीचा संशय पक्का होत जातो. दुकानातल्या पोराचा जास्त रॅमचा फोन असेल तर त्यावरही एकदा करा.

एक सांभाळा. हे करताना ॲपच्या सेटिंगमधलं ‘Clear storage’ दाबू नका आणि ॲप काढून पुन्हा टाकू नका. ‘अनइन्स्टॉल करून बघा’ हा सल्ला सगळे देतात, पण जो हिशेब अजून सर्व्हरवर चढलेला नाही तो त्यात कायमचा जाऊ शकतो. ‘Clear cache’ने नोंदी जात नाहीत. तरी आधी बॅकअप घ्या.

समजा सगळं करून माझ्या संशयासारखंच निघालं. मग रिव्ह्यू साधारण असा होईल (आवृत्तीचा आकडा आणि बाकी तपशील अर्थात तुमचा घाला):

> खर्चाच्या नोंदीत कॅमेऱ्याने बिलाचा फोटो काढून बरोबरची खूण दाबली की ॲप पहिल्या पानापासून सुरू होतं. भरलेली रक्कम आणि फोटो जातात. संदेश येत नाही. 5 पैकी 4 वेळा झालं. तोच फोटो गॅलरीतून घेतला तर नोंद होते. नेट बंद असतानाही होतं. फोन रीस्टार्ट करून लगेच केलं तर चाललं. फोन 3 जीबी रॅमचा. 8 जीबीच्या फोनवर होत नाही. आवृत्ती 4.2.1 पासून सुरू, आधी नव्हतं. बाकी हिशेब बरोबर येतो.

प्ले स्टोअरवर रिव्ह्यूला 500 अक्षरांची मर्यादा आहे, आणि देवनागरीत काना-मात्रा-वेलांटी वेगळी मोजली जाते, त्यामुळे दिसतं त्यापेक्षा जागा लवकर संपते. म्हणून क्रम महत्त्वाचा. पहिल्याच वाक्यात काय केल्यावर काय होतं ते आलं पाहिजे, कारण यादीत रिव्ह्यू चाळणारा तेवढंच वाचून पुढे जायचं की थांबायचं ते ठरवतो. त्यानंतर नुकसान काय, मग किती वेळा, मग कशाने फरक पडतो. ‘आवृत्ती 4.2.1 पासून’ हे वाक्य खात्रीचं असेल तरच लिहा. खात्रीचं असलं तर त्याची किंमत मोठी, कारण प्रोग्रामर आधीच्या आणि त्या आवृत्तीत काय बदललं तेवढंच शोधतो. ॲपची आवृत्ती फोनच्या सेटिंगमध्ये ‘App info’च्या पानावर तळाशी असते.

‘मेमरीमुळे होतंय’ असं मी मजकुरात लिहिलेलं नाही, ते मुद्दाम. निदान चुकलं तर वाचणारा त्या दिशेने शोधतो, काही सापडत नाही आणि तक्रार मिटवतो. गॅलरीतून नोंद होते, कॅमेऱ्याने होत नाही, बिघाड 3 जीबीवर होतो, 8 वर होत नाही, एवढं वाचून जाणत्या प्रोग्रामरला काय करायचं ते कळतं. तो नोंदीत रक्कम भरेल, कॅमेरा उघडेल, आणि कॅमेरा समोर असतानाच कॉम्प्युटरला जोडलेल्या फोनवर ही आज्ञा देईल:

```
adb shell am kill com.example.hishob
```

(शेवटी त्या त्या ॲपचं पॅकेजचं नाव येतं.) यामुळे मागे गेलेलं ॲप बंद होतं, नेमकं तुमचा फोन मेमरीसाठी करतो तसं. मग तो फोटो काढून बरोबरची खूण दाबेल आणि त्याच्या महागड्या फोनवरही रक्कम गायब झालेली दिसेल. तिथून पुढे दुरुस्ती बहुतेक वेळा लहान असते.

स्टार किती द्यायचे? इथे माझं मत आणि माझ्या सहकाऱ्यांचं मत जुळत नाही. ते म्हणतात एक स्टार दिला की लक्ष जातं. माझा अनुभव असा की एक स्टारवाले रिव्ह्यू ढिगाने असतात आणि त्यांना ठरलेलं उत्तर चिकटवलं जातं. वाचून थांबावं लागतं ते मजकुरामुळे. नोंदी जात असतील तर दोन स्टार अगदी रास्त आहेत. शिव्या किंवा ‘सगळ्यांनी पैसे परत मागा’ हे मात्र टाळा. ते आलं की रिव्ह्यू टेस्टरकडे न येता ग्राहकसेवेच्या माणसाकडे जातो, आणि त्याच्या हातात कोड नसतो.

पुन्हा ‘ईमेल करा’ असं उत्तर आलं तर खरंच करा, ते टाळणं नसतं. रिव्ह्यूच्या उत्तरात त्यांना 350च अक्षरं मिळतात, आणि तो रिव्ह्यू त्यांच्या ॲपमधल्या कुठल्या खात्याचा हे त्यांना कळत नाही. ईमेलमध्ये तोच मजकूर टाका आणि त्यात दोन गोष्टी वाढवा: ॲपमध्ये नोंदवलेला मोबाइल नंबर, आणि बंद पडण्याची तारीख व मिनिटापर्यंतची वेळ. वेळ असली की त्यांच्या नोंदींमधून नेमका तुमचा प्रसंग काढता येतो. रिव्ह्यू लोक रात्री घरी जाऊन लिहितात, त्यामुळे त्याच्या वेळेचा इथे काही उपयोग नसतो. जमलं तर पडद्याचं रेकॉर्डिंग जोडा, पण एक रुपयाच्या खोट्या नोंदीचं. रिव्ह्यूत तर फोन नंबर, जीएसटी नंबर, व्यापाऱ्याचं नाव यातलं काहीच लिहू नका, तो मजकूर तुमच्या गूगल खात्याच्या नावाने सगळ्यांना दिसतो.

कधी कधी दोष ॲपचा नसतोच, हेही लक्षात असू द्या. मार्च 2021 मध्ये अँड्रॉइडच्या ‘Android System WebView’ या घटकाचं अपडेट बिघडलं आणि जीमेलसकट कितीतरी ॲप एकाच वेळी उघडताच बंद पडायला लागली. लोकांनी त्या त्या ॲपला शिव्या घातल्या. तुमच्याकडे एकाच दिवशी तीन-चार ॲप बंद पडायला लागली, तर आधी फोनचे अपडेट बघा, रिव्ह्यू नंतर. तुमच्या बाबतीत एकच ॲप आणि एकच कृती आहे, त्यामुळे ती शक्यता मी धरत नाही.

किती दिवसांत काय होईल हे मात्र ॲपवाल्यांवर आहे. दोन-तीन जणांची कंपनी असेल तर प्रत्येक रिव्ह्यू बनवणाराच वाचतो आणि पुढच्याच अपडेटमध्ये दुरुस्ती येऊ शकते. मोठी असेल तर तुमची तक्रार रांगेत लागते, आणि तशाच कृतीचे आणखी रिव्ह्यू आले की पुढे सरकते. बाजारातला दुसरा कुणी हेच ॲप वापरत असेल आणि त्याच्याकडेही होत असेल तर त्याला त्याच्या शब्दांत लिहू द्या. तुमचाच मजकूर चिकटवू नका, एकसारखे रिव्ह्यू बनावट वाटतात.

नवा रिव्ह्यू वेगळा लिहायची गरज नाही, एका खात्यावरून एका ॲपला एकच रिव्ह्यू असतो. तुमचा जुनाच बदला. अपडेट आलं की तीच एक रुपयाची चाचणी पुन्हा करा आणि ‘4.2.3 मध्येही तसंच’ किंवा ‘4.2.3 मध्ये बरं झालं’ अशी ओळ त्यात घाला. जागा कमी पडली तर स्तुतीचं वाक्य काढा, पायऱ्यांचं ठेवा. दुरुस्ती झाली नसेल तर ती एक ओळ नव्या लांबलचक तक्रारीपेक्षा जास्त कामाची, कारण ‘झालं’ म्हणून मिटवलेलं काम तिच्यामुळे पुन्हा उघडतं.

तोवर दुकानाचं काम अडायला नको. बिलाचा फोटो आधी फोनच्या साध्या कॅमेऱ्याने काढून ठेवा, मग ॲप उघडून गॅलरीतून जोडा. किंवा आधी रक्कम भरून नोंद जतन करा आणि फोटो नंतर त्या नोंदीत जाऊन घाला, म्हणजे फोटोच्या वेळी ॲप गेलं तरी आकडा राहतो. यातलं काहीच चाललं नाही, तर ते इथे लिहा. मग बिघाड मी धरतोय तो नाही, आणि आपल्याला पुन्हा पहिल्या चाचणीपासून बघावं लागेल.